दोन कन्सोल, एक स्विच आणि रिकामी यादी: इंटरनेटविना सिस्टिम लिंकचे एक प्रकरण

हे प्रकरण दोन एक्सबॉक्स ३६० कन्सोलचे आहे. शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन टीव्ही, प्रत्येक टीव्हीला एक कन्सोल, प्रत्येक कन्सोलमध्ये हेलो ३ ची स्वतःची डिस्क आणि खेळायला आठ जण, अशी मांडणी होती. २००७ साली आलेल्या या खेळात एकाच कन्सोलवर पडदा विभागून चौघांना आपसांत लढता येते. सिस्टिम लिंक म्हणजे कन्सोल तारेने एकमेकांना जोडून खेळण्याची सोय; तिने दोन कन्सोल जोडले की चार अधिक चार असे आठ खेळाडू एका सामन्यात उतरतात आणि समोरच्या संघाचा पडदा दिसत नसल्यामुळे कुठे दबा धरला आहे ते गुपित राहते. त्या जागी इंटरनेट नव्हते. ३६० वरील या खेळाचे मॅचमेकिंग, म्हणजे इंटरनेटवरून प्रतिस्पर्धी जुळवून देणारी सोय, जानेवारी २०२२ मध्येच बंद झालेले असल्याने इंटरनेट असते तरी आमच्या कामाला त्याचा काही उपयोग झाला नसता.

जोडणी अगदी साधी दिसते: दोन केबल, मध्ये एक स्विच, आणि खेळाच्या लॉबीत, म्हणजे सामना जुळवण्याच्या पडद्यावर, `System Link` निवडायचे. प्रत्यक्षात पहिला सामना सुरू व्हायला आम्हाला जवळपास तीन तास लागले. या तीन तासांत दोष एक नव्हता, तर एकामागे एक लपलेले दोन होते, आणि दोन्हींचे बाह्य लक्षण एकच होते: दुसऱ्या कन्सोलवरची उपलब्ध सामन्यांची यादी रिकामी. एकाच लक्षणाची दोन कारणे वेगळी कशी केली, हा या लेखाचा विषय आहे.

जवळ काय होते

पहिला कन्सोल माझा, जुन्या बनावटीचा. त्यात वाय-फाय अंगभूत नाही आणि तो कित्येक वर्षांत इंटरनेटला जोडलेला नव्हता. दुसरा माझ्या मावसभावाचा, नंतरच्या सडपातळ बनावटीचा. त्यात वाय-फाय आहे आणि तो त्याच्या घरी नेहमी ऑनलाइन असतो. हा फरक तेव्हा आम्हाला बिनमहत्त्वाचा वाटला. पुढे तोच निर्णायक ठरला.

केबल दोन होत्या, दोन्ही साध्या सरळ जोडणीच्या. एक दहा मीटरची होती आणि तिच्या एका टोकाच्या प्लगची खिट्टी तुटलेली होती. ती मी त्या दिवशी दुर्लक्षिली. स्विच म्हणून एका कार्यालयातून निकाली काढलेला सोळा पोर्टांचा एक धातूचा खोका हाती होता, आणि गरज पडली तर असावा म्हणून पाच पोर्टांचा एक छोटा प्लॅस्टिकचा स्विचही पिशवीत टाकलेला होता. कार्यालयातला स्विच मोठा, म्हणजे अधिक भरवशाचा, अशा समजुतीने आम्ही तोच आधी लावला.

दोनच कन्सोल असतील तर मध्ये स्विच हवाच कशाला, असा प्रश्न इथे कोणीही विचारेल. २००१ च्या मूळ एक्सबॉक्सला थेट जोडणीसाठी क्रॉसओव्हर केबल लागत असे, म्हणजे जिच्यात पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या तारांची अदलाबदल केलेली असते अशी. सरळ केबलने ते दोन कन्सोल जोडले तर दिवाच लागत नसे. स्विच मध्ये आला की हा प्रश्न मिटतो. शिवाय स्विचला दिवे असतात आणि रिकामे पोर्ट असतात, म्हणजे अडचण आली तर तारेवर काय चालले आहे ते तिसऱ्या यंत्रावरून बघता येते. आमचे सगळे निदान या तिसऱ्या पोर्टामुळेच झाले.

सिस्टिम लिंक नेमके काय करते

निदान समजण्यासाठी एक गोष्ट आधी सांगणे भाग आहे. घरातल्या नेटवर्कवर एखादे यंत्र आले की ते राउटरकडे आयपी पत्ता मागते. साध्या स्विचमध्ये असा पत्ता देणारे कोणी नसते. त्यामुळे कन्सोल थोडा वेळ वाट पाहतो आणि मग स्वतःच `169.254` ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतो. या अवस्थेत कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमधली चाचणी चालवली तर ती नापास होते आणि पाहणाऱ्याचा समज होतो की जोडणी बिघडलेली आहे. आमच्याकडेही पहिली पंधरा मिनिटे याच चाचणीपायी गेली. ती चाचणी इंटरनेटपर्यंत पोहोचता येते का हे तपासते; सिस्टिम लिंकला त्या वाटेवर जायचेच नसते, म्हणून तिचा निकाल इथे विचारात घेऊ नये.

सिस्टिम लिंक त्या आयपी पत्त्याकडे पाहतही नाही. या पद्धतीत प्रत्येक कन्सोल तारेवर स्वतःचा आयपी पत्ता `0.0.0.1` असाच सांगतो. सगळ्यांचा पत्ता एकच असेल तर ओळख कशी पटणार? ती पटते मॅक पत्त्यावरून, म्हणजे प्रत्येक कन्सोलच्या नेटवर्क चिपला कारखान्यात मिळालेल्या क्रमांकावरून. सामना शोधणारा कन्सोल यूडीपीच्या ३०७४ क्रमांकाच्या पोर्टावर सर्वांना उद्देशून एक हाक मारतो, सामना उघडून बसलेला कन्सोल ती ऐकून उत्तर देतो, आणि मग शोधणाऱ्याच्या यादीत तो सामना उमटतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, राउटर, पत्ते वाटणारी सेवा आणि इंटरनेट यांपैकी कशाचीही गरज नाही. सर्वांना उद्देशून मारलेली हाक या टोकाकडून त्या टोकाला पोहोचवणारा एक स्विच पुरे. दोन, ही हाक राउटर ओलांडू शकत नाही, कारण राउटर आयपी पत्ता पाहून पुढचा मार्ग ठरवतो आणि `0.0.0.1` ला मार्ग नसतो. म्हणून दोन्ही कन्सोल एकाच सपाट नेटवर्कवर असावे लागतात. जुन्या राउटरचा स्विच म्हणून वापर करायचा असेल तर दोन्ही केबल त्याच्या लॅन पोर्टांतच लावाव्यात; एक केबल इंटरनेटच्या वेगळ्या रंगाच्या पोर्टात गेली तर दिवे दोन्हीकडे लागतात आणि हाक मात्र मध्येच मरते.

पहिला दोष: दिवे लागलेले, यादी रिकामी

सोळा पोर्टांच्या स्विचच्या दुसऱ्या पोर्टात माझा कन्सोल लावला आणि तेराव्यात मावसभावाचा, कारण त्याची केबल त्या बाजूने येत होती. दोन्ही पोर्टांचे दिवे लागले. माझ्या कन्सोलवर हेलो ३ ची लॉबी उघडून नेटवर्कच्या ओळीवर `System Link` निवडले आणि सामना उघडून ठेवला. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "दादा, इकडे काहीच दिसत नाही."

सर्वांनी करावे तेच आम्ही केले: दोन्ही कन्सोल बंद करून चालू केले, केबल काढून घातल्या, भूमिका बदलून त्याच्याकडे सामना उघडला आणि माझ्याकडे शोधला. यादी रिकामीच राहिली. लॉबीत अर्धा मिनिट थांबूनही पाहिले, कारण कार्यालयीन स्विच नवा पोर्ट जागा झाल्यावर कुठे फेरा तर होत नाही ना, हे तपासण्यासाठी सुमारे तीस सेकंद त्या पोर्टावरची वाहतूक रोखून धरू शकतो. तेही कारण नव्हते.

दिवा लागतो याचा अर्थ मर्यादित असतो. केबलच्या दोन टोकांची यंत्रे एकमेकांना ओळखत आहेत आणि त्यांनी वेग ठरवला आहे, एवढेच तो सांगतो. या पोर्टात आलेले त्या पोर्टात जाते की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. हे पाहण्यासाठी मी लॅपटॉपचे वाय-फाय बंद केले, तो एका छोट्या केबलने स्विचच्या तिसऱ्या पोर्टात लावला आणि तारेवरून जाणारी पॅकेटे दाखवणारी ही आज्ञा चालवली:

```
sudo tcpdump -n -e -i eth0 udp port 3074
```

इथे `-e` महत्त्वाचे आहे. त्याने मॅक पत्ता दिसतो, आणि सगळ्यांचा आयपी पत्ता सारखाच असल्यामुळे मॅक पत्त्याशिवाय कोण बोलले ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही. `eth0` च्या जागी आपल्या लॅपटॉपवरच्या तारेच्या जोडणीचे जे नाव असेल ते लिहावे.

चाचणीत एक चूक सहज होते आणि मीही ती आधी केली. सामना उघडून बसलेला कन्सोल आपणहून हाक मारीत नाही, तो विचारणाऱ्याची वाट पाहतो. त्यामुळे एक कन्सोल सामना उघडून बसला असेल आणि दुसऱ्याची हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर पहिला अगदी ठणठणीत असूनही तारेवर मूक दिसतो आणि दोष त्याचाच आहे असे वाटते. चाचणीसाठी दोन्ही कन्सोलना एकाच वेळी सामना शोधायला लावावे, म्हणजे दोघेही हाका मारतात आणि दोघांचेही आवाज ऐकू यायला हवेत.

तसे केल्यावर तिसऱ्या पोर्टातल्या लॅपटॉपच्या पडद्यावर अशा धर्तीच्या ओळी सरकू लागल्या:

```
0.0.0.1.3074 > 255.255.255.255.3074: UDP
```

प्रत्येक ओळीच्या आरंभी असलेला, वर गाळलेला पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता मात्र एकच होता, माझ्या कन्सोलचा. मावसभावाच्या कन्सोलची एकही हाक त्यात नव्हती. मग लॅपटॉपची केबल काढून चौदाव्या पोर्टात, म्हणजे त्याच्या कन्सोलशेजारी लावली, तर चित्र उलटे झाले: त्याच्या कन्सोलच्या हाका दिसू लागल्या आणि माझ्या नाहीशा झाल्या. दोघेही बोलत होते, पण दोघांच्या मध्ये भिंत होती, आणि ती स्विचच्या आत होती.

हे लक्षण व्हीलॅनचे आहे. कार्यालयीन स्विचवर काही पोर्ट एका विभागाला आणि काही दुसऱ्या विभागाला बांधून देता येतात. बाहेरून खोका एक दिसतो, आत मात्र ते दोन वेगळे स्विच असतात. निकाली काढताना ही मांडणी कोणी पुसलेली नव्हती. खरे तर दोन्ही कन्सोल पहिल्या काही पोर्टांत लावले असते तर बहुधा काम झाले असते, पण कुठला पोर्ट कोणत्या विभागात आहे हे पासवर्डशिवाय पाहता येत नव्हते, आणि आठ माणसे ताटकळत असताना त्या खोक्याच्या आतल्या मांडणीचा शोध घेत बसणे मला शहाणपणाचे वाटले नाही. आम्ही तो काढून ठेवला आणि पिशवीतला पाच पोर्टांचा स्विच लावला. या छोट्या स्विचला कसलीही सेटिंग नसते, आणि या कामात तोच त्याचा गुण आहे. वेगाचाही प्रश्न नव्हता: ३६० चा पोर्ट १०० मेगाबिटचा आहे, त्यामुळे स्विच गिगाबिटचा घेतला तरी जोडणी १०० वरच ठरते, आणि खेळाला त्यातलाही लहानसा अंशच लागतो.

दुसरा दोष: भिंत गेली, यादी तरीही रिकामी

नव्या स्विचवर पुन्हा तीच चाचणी केली. लॅपटॉप तिसऱ्या पोर्टात, दोन्ही कन्सोल शोधात. आता एकाच पोर्टावरून दोन्ही मॅक पत्ते दिसत होते, आलटून पालटून. केबल, स्विच आणि दोन्ही कन्सोलचे पोर्ट, हे सगळे या एका दृश्याने निर्दोष ठरले. मी माझ्या कन्सोलवर सामना उघडला. पलीकडची यादी रिकामी.

खरे सांगायचे तर या टप्प्यावर माझा पहिला संशय केबलवर गेला, कारण हाताशी असलेल्या वस्तूवर संशय घेणे सोपे असते. पण लॅपटॉपने जे दाखवले होते त्यानंतर केबल बदलत बसणे म्हणजे मिळालेला पुरावा नाकारणे होते. हाका दोन्हीकडून येत होत्या आणि दोन्हीकडे पोहोचत होत्या. मग अडचण पोहोचण्यात नसून ओळख पटण्यात असली पाहिजे. लॅपटॉपला इथे अधिक काही सांगता येत नव्हते, कारण पॅकेटांतला मजकूर कूटबद्ध असतो; कोण केव्हा बोलले ते दिसते, काय बोलले ते दिसत नाही.

मी मावसभावाला विचारले, "तुझ्याकडे हा खेळ सुरू करताना कधी अपडेट मागितला होता का?"

"हो, पहिल्यांदाच मागितला होता. घेतला मी."

माझ्या कन्सोलने तो कधीच घेतलेला नव्हता, कारण तो इंटरनेटला जोडलेलाच नव्हता. डिस्क दोघांकडे सारखी होती, पण त्याचा कन्सोल डिस्कवरच्या खेळावर अपडेटचा थर चढवून खेळ सुरू करीत होता आणि माझा डिस्कवर आहे तसाच. खेळाच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या की सिस्टिम लिंक जुळत नाही. खेळानुसार त्याचे रूप बदलते: कुठे सामना यादीतच येत नाही, कुठे येतो पण आत घेतले जात नाही. आमच्याकडे पहिला प्रकार होता, आणि म्हणूनच तो व्हीलॅनच्या दोषासारखा हुबेहूब दिसत होता.

इंटरनेट असते तर मी माझा कन्सोल अद्ययावत करून मोकळा झालो असतो. ते नसताना दोघांना सारख्या आवृत्तीवर आणण्याची दिशा उलटी असते: पुढे गेलेल्याला मागे आणायचे. ३६० वर हे करता येते, कारण खेळाचे अपडेट सिस्टिम कॅशमध्ये राहतात आणि तो कॅश पुसता येतो. त्याच्या कन्सोलवर सेटिंगमध्ये जाऊन `System`, मग `Storage`, तिथे एखाद्या साठवणीवर उभे राहून वाय बटण दाबले की `Device Options` उघडते, आणि त्यात `Clear System Cache` ही ओळ असते. ती निवडून होकार दिला की काम काही सेकंदांत होते.

मावसभाऊ इथे अडला. त्याचे जतन केलेले खेळ जातील अशी त्याला भीती होती आणि ती रास्त होती, कारण त्याच यादीत थोड्या अंतरावर `Format` हीही ओळ असते आणि ती खरोखरच सगळे पुसते. कॅश पुसल्याने जतन केलेले खेळ आणि प्रोफाइल जात नाहीत. जातात ते अपडेट, आणि तेही एकाच खेळाचे नव्हे तर सर्व खेळांचे. पुढच्या वेळी तो ऑनलाइन जाऊन प्रत्येक खेळ सुरू करील तेव्हा एकेक अपडेट पुन्हा उतरवावा लागेल, हे त्याला आधी सांगितले आणि त्याने मान्य केल्यावरच बटण दाबले. माझ्या कन्सोलवरही तेच केले, म्हणजे दोन्हीकडे फक्त डिस्क बोलेल याबद्दल शंका उरली नाही.

खेळ पुन्हा सुरू केला. माझ्याकडे लॉबी उघडली, आणि पलीकडच्या खोलीतून आरोळी आली. यादीत माझे नाव होते.

खेळ सुरू झाल्यावर लॅपटॉप गप्प का झाला

सामना सुरू झाला तेव्हा लॅपटॉपवरची आज्ञा मी थांबवलेली नव्हती. आतापर्यंत भराभर सरकणाऱ्या ओळी जवळजवळ थांबल्या. खेळ तर व्यवस्थित चालू होता, आठही जण एकमेकांवर तुटून पडले होते, आणि तारेवर मात्र शांतता. क्षणभर मलाही हे चमत्कारिक वाटले, पण स्विचने तसेच वागायला हवे. शोधाची हाक सर्वांना उद्देशून असते, म्हणून स्विच ती प्रत्येक पोर्टावर पाठवतो आणि लॅपटॉपलाही ती ऐकू येते. सामना सुरू झाल्यावर दोन्ही कन्सोल एकमेकांच्या मॅक पत्त्यावर थेट पाठवू लागतात. कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टामागे आहे हे स्विचला तोवर समजलेले असते, म्हणून तो ती पॅकेटे नेमक्या त्याच पोर्टाला देतो आणि तिसऱ्या पोर्टाकडे काही येत नाही. म्हणजे तिसऱ्या पोर्टातून शोधाच्या अवस्थेचे निदान करता येते, चालू सामन्याचे नाही. चालू सामन्यात काही बिघडले तर पुन्हा दिव्यांकडेच वळावे लागते.

मॅक पत्त्यावर सगळी भिस्त असल्यामुळे आणखी एक गोष्ट तपासून ठेवावी. ३६० च्या प्रगत नेटवर्क सेटिंगमध्ये `Alternate MAC Address` नावाची एक जागा असते. जुन्या इंटरनेट जोडण्यांत ठरावीक यंत्रालाच परवानगी असे, तेव्हा काही जण तिथे संगणकाचा क्रमांक टाकून ठेवीत. दोन कन्सोलवर चुकून एकच क्रमांक टाकलेला असेल तर स्विच गोंधळून एकदा एका पोर्टाला, एकदा दुसऱ्या पोर्टाला पॅकेट देत राहतो. आमच्याकडे ही जागा दोन्हीकडे रिकामी होती. मी फक्त पाहून घेतले.

तिसऱ्या सामन्याच्या मध्यावर पलीकडचे चौघे एकाच क्षणी खेळातून बाहेर फेकले गेले. स्विचकडे पाहिले तर त्यांच्या पोर्टाचा दिवा विझलेला होता. खिट्टी तुटलेला प्लग त्यांच्या कन्सोलच्या बाजूला होता, आणि कोणाच्या तरी पायाने केबल ओढली गेल्यावर तो जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकला होता. दुरून पाहता तो बसलेलाच दिसत होता. बोटाने आत दाबला की दिवा लागे, सोडला की लुकलुके. कन्सोल थोडा मागे सरकवून केबलला ढील दिली, टीव्हीच्या पायाशी तिला चिकटपट्टीने बांधले आणि त्यानंतर रात्रभर तिने त्रास दिला नाही. हा दोष आधीच्या दोहोंपेक्षा सोपा होता, कारण त्याने दिवा विझवून स्वतःची जागा दाखवली.

या जोडणीच्या मर्यादा

अशा जोडणीत विलंब एक मिलिसेकंदाच्याही आत राहतो, आणि सामना कोणाच्या कन्सोलवर उघडला आहे याने खेळात जाणवण्याइतका फरक पडत नाही. ३६० ची सिस्टिम लिंक मुळातच कडक आहे: दोन कन्सोलमधली फेरी तीस मिलिसेकंदांहून अधिक वेळ घेऊ लागली तर ती जोडणी स्वीकारीत नाही. एका केबलची लांबी शंभर मीटरच्या आत ठेवावी. त्यापुढे जायचे तर मध्ये आणखी एक स्विच टाकला तरी चालतो, कारण स्विचला स्विच जोडून नेटवर्क सपाटच राहते.

नकाशांच्या बाबतीत आम्ही मुद्दामच डिस्कवरच्या नकाशांपलीकडे गेलो नाही. नंतर विकत घेतलेले नकाशे खेळायचे असतील तर ते दोन्ही कन्सोलवर असावे लागतात. त्यांचा परवाना विकत घेणाऱ्याच्या प्रोफाइलला आणि ज्या कन्सोलवर ते प्रथम उतरवले त्या कन्सोलला बांधलेला असतो. इंटरनेट नसताना प्रोफाइलची बाजू तपासता येत नाही, त्यामुळे ते फक्त त्या एका मूळ कन्सोलवरच उघडतात. नकाशे पेनड्राइव्हवरून दुसऱ्या कन्सोलवर नेले तरी ऑफलाइन असताना उपयोग होत नाही. खेळातली कथेची मोहीम एकत्र खेळायची असेल तर गणितही बदलते: तिथे एका कन्सोलवर दोघेच बसू शकतात आणि एकूण चौघे, त्यामुळे आठ जणांच्या बैठकीत मोहीम काढू नये.

सुमारे दीड महिन्याने आम्ही तीच मांडणी पुन्हा केली. स्विच छोटा, केबल नव्या, आणि तरीही यादी रिकामी. या वेळी लॅपटॉप पिशवीतून काढलाही नाही. मावसभावाकडे पाहिले, तर तोच म्हणाला, "मधे एकदा ऑनलाइन लावला होता, अपडेट घेतला गेला." त्याने वाय बटण दाबले, कॅश पुसला, खेळ सुरू केला; पाच मिनिटांच्या आत सामना यादीत होता. आता खेळायच्या आदल्या रात्री तो कन्सोलची वाय-फाय जोडणी काढून टाकतो.